बॉक्स प्लॉटच्या स्क्रीनशॉटवरून दोन तुकड्यांची तुलना कशी करायची

सराव परीक्षेचे पेपर तपासून झाले की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक चित्र येतं. शेजारी शेजारी दोन पेट्या, त्यांना वर-खाली निघालेल्या मिशा, एक-दोन सुटे ठिपके. चित्राखाली एक ओळ असते: 'ब तुकडी पुढे, मध्यक २६. अ तुकडी मागे, मध्यक २४.' मूळ गुणांची फाइल ज्याच्याकडे असते तो दुसऱ्या कामात असतो, आणि आपल्या हातात फक्त स्क्रीनशॉट. त्या ओळीवर विश्वास ठेवून उद्याचे जादा तास ठरवायचे का? माझं मत असं की आधी दहा मिनिटं चित्रासमोर बसावं. त्यातून बरंच काही निघतं, आणि वरची ओळ बहुधा अपुरी ठरते.

उदाहरणासाठी मी गुण स्वतः रचले आहेत, म्हणजे शेवटी मूळ आकडे उघडून आपलं वाचन बरोबर होतं का ते पाहता येईल. दहावी अ आणि दहावी ब, प्रत्येकी २३ मुलं, गणित भाग १ चा ४० गुणांचा पेपर. चित्र एक्सेलमध्ये काढलेलं आहे.

आधी अक्ष, मग पेटी

चित्र उघडल्यावर नजर पेट्यांकडेच जाते. ती वळवून डावीकडच्या उभ्या अक्षाकडे न्या. अक्ष शून्यापासून सुरू होतो की १० पासून? दोन्ही पेट्या एकाच अक्षावर आहेत की दोन वेगळी चित्रं शेजारी चिकटवली आहेत? दुसरी गोष्ट वरचेवर होते. एका चित्राचा अक्ष ० ते ४० आणि दुसऱ्याचा १० ते ३५ असेल, तर पेट्यांच्या उंचीची डोळ्यांनी केलेली तुलना सरळ चुकते. अशा वेळी आकडे वाचून घेतल्याशिवाय एक शब्दही बोलू नये.

आकडे वाचायला अंदाज पुरत नाही, पण खास साधनही लागत नाही. चित्र पेंटमध्ये उघडा. माउसचा बाण जिथे न्याल तिथली जागा खालच्या पट्टीत पिक्सेलमध्ये दिसते. दोन आकड्यांपैकी दुसरा उभ्या दिशेचा. तो वरून खाली वाढत जातो, एवढं लक्षात ठेवायचं.

आपल्या चित्रात अक्षावरच्या ० ची रेघ ५४० वर आहे आणि ४० ची रेघ ६० वर. म्हणजे ४० गुणांना ४८० पिक्सेल, एका गुणाला १२. आता कुठल्याही रेघेवर बाण ठेवा, तिथला आकडा ५४० मधून वजा करा आणि १२ ने भागा. अ तुकडीच्या पेटीतली आडवी रेघ २५२ वर आहे. ५४० वजा २५२ म्हणजे २८८, भागिले १२, उत्तर २४. हा अ चा मध्यक.

व्हॉट्सॲपने चित्र लहान केलं असेल तरी हा हिशेब मोडत नाही, कारण अक्ष आणि पेटी दोन्ही सारख्याच प्रमाणात लहान होतात. फक्त एका गुणाला पिक्सेल कमी मिळतात आणि वाचन ढोबळ होतं. एका गुणाला दोन-तीनच पिक्सेल उरले असतील, तर तेच चित्र डॉक्युमेंट म्हणून पुन्हा मागवा. रेघेला स्वतःची जाडी असते, म्हणून बाण नेहमी तिच्या मधोमध ठेवा. अक्षाच्या रेघेवरही तसाच.

अशा रीतीने आपल्या चित्रातून हे हाती येतं. अ: खालची मिशी १५ वर संपते, पेटी २१ ते २७, मध्यक २४, वरची मिशी ३३ वर, आणि दोन सुटे ठिपके ८ व ३८ वर. ब: खालची मिशी ४ वर, पेटी १३ ते ३३, मध्यक २६, वरची मिशी ३८ वर, ठिपका एकही नाही. प्रत्येक पेटीत एक छोटी फुलीही आहे. ती सरासरीची. एक्सेल ती आपणहून काढतं. अ ची फुली २४ वर, जवळजवळ मध्यकाच्या रेघेवरच. ब ची फुली २३ च्या जरा खाली, म्हणजे मध्यकापेक्षा तीन गुण खाली. ही फुली पुढे उपयोगी पडणार आहे.

पेटीत मुलं किती

गुण चढत्या क्रमाने लावून २३ मुलं एका रांगेत उभी करा. बारावं मूल अगदी मधलं. त्याचे गुण म्हणजे मध्यक. सहाव्या मुलाचे गुण म्हणजे पेटीची खालची कड आणि अठराव्याचे म्हणजे वरची कड. या तिघांच्या मागे, पुढे आणि मध्ये प्रत्येकी पाच मुलं राहतात. पाच, एक, पाच, एक, पाच, एक, पाच. झाले २३.

इथेच सगळ्यात मोठी गफलत होते. पेटी लांब दिसली की तिच्यात जास्त मुलं आहेत असं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक भागात मुलं सारखीच असतात, फक्त ती किती जागेत पसरली आहेत तेवढं बदलतं. ब च्या पेटीचा खालचा भाग १३ ते २६ असा लांबलचक आहे, आणि त्यातही कडा सोडल्या तर पाचच मुलं आहेत. अ मध्ये तशीच पाच मुलं २१ ते २४ या तीन गुणांत दाटीवाटीने बसली आहेत. लांब म्हणजे विरळ, आखूड म्हणजे दाट. पेटीच्या आडव्या रुंदीला या चित्रात काहीच अर्थ नसतो.

मुलांची संख्या चित्रातून कळत नाही. २३ मुलांची पेटी आणि २३० मुलांची पेटी अगदी सारखी दिसू शकते. म्हणून पाठवणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारायचा: दोन्ही तुकड्यांत पेपरला किती मुलं बसली होती?

प्रसार: पेटीची उंची आणि १४ ची रेघ

प्रसारासाठी पेटीची उंची घ्या. अ ची २७ वजा २१, म्हणजे ६. ब ची ३३ वजा १३, म्हणजे २०. मधली अर्धी तुकडी अ मध्ये सहा गुणांच्या आत आहे आणि ब मध्ये वीस गुणांत विखुरलेली आहे. मिशीच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर प्रसार म्हणून वापरू नका. ते दोनच मुलांवर ठरतं आणि सुटे ठिपके त्यात धरायचे की नाही हा घोळ उरतोच.

आता चित्रात नसलेली एक रेघ मनाने ओढा. ४० पैकी १४ म्हणजे ३५ टक्के. अ ची अख्खी पेटी आणि दोन्ही मिशा या रेघेच्या वर आहेत, खाली फक्त ८ चा ठिपका. ब मध्ये पेटीची खालची कडच १३ वर आहे. ती कड म्हणजे सहाव्या मुलाचे गुण. म्हणजे ब मध्ये निदान सहा मुलं १४ च्या खाली आहेत. ज्या तुकडीला चित्राखालच्या ओळीने पुढे म्हटलं, त्या तुकडीत नापासांच्या रेघेखाली सहा आणि मागे पडलेल्या तुकडीत एक. जादा तास कोणाला हवेत याचं उत्तर मध्यकाने उलटं दिलं असतं.

मध्यकात दोन गुणांचा फरक, तो खरा किती

२६ हा २४ पेक्षा मोठा आहे हे निर्विवाद. पण त्यावरून तुकडी पुढे आहे असं म्हणायला तेवढं पुरेसं आहे का हे दोन प्रकारे तपासता येतं.

पहिला प्रकार डोळ्यांनी होतो. ब चा मध्यक अ च्या पेटीच्या बाहेर पडतो का? अ ची पेटी २१ ते २७, त्यात २६ आतच बसतो. अ चा २४ ब च्या पेटीत तर आरामात बसतो. दोन्ही मध्यक एकमेकांच्या पेटीत असतील, तर फक्त मध्यकावरून तुकड्यांची क्रमवारी लावू नये. हा ढोबळ नियम आहे. मुलं शेकड्यांनी असतील तर पेट्या एकमेकांवर येऊनही फरक खरा असू शकतो. पण २३ मुलांच्या तुकडीला तो चालतो.

दुसरा प्रकार फुलीचा. ब ची सरासरी २३ च्या खाली आणि अ ची २४. सरासरी धरली तर अ पुढे, मध्यक धरला तर ब पुढे. दोन मोजमापं विरुद्ध दिशेला बोट दाखवत असतील, तर 'पुढे कोण' हा प्रश्नच इथे चुकीचा आहे. त्या तुकडीत आत काहीतरी वेगळं घडतंय, ते शोधायला हवं.

ते पेटीच्या आकारात दिसतं. साधारण तुकडीत बहुतेक मुलं मध्याजवळ आणि थोडी टोकांना असतात, म्हणून पेटीचे दोन भाग आखूड आणि मिशा लांब दिसतात. अ मध्ये तसंच आहे: खालची मिशी ६ गुणांची, पेटीचे दोन भाग तीन-तीन गुणांचे, वरची मिशी पुन्हा ६ ची. गुण वरपासून खालपर्यंत अगदी सारखे पसरले असते, तर चारही भाग जवळपास सारख्या लांबीचे आले असते. ब मध्ये खालून वर लांबी आहे ९, १३, ७ आणि ५. मिशा आखूड आणि पेटीचा भाग सगळ्यात लांब. म्हणजे मुलं मध्यापाशी गोळा झालेली नाहीत, उलट मधली जागाच विरळ आहे. तुकडी दोन गटांत फुटली असण्याची ही दाट शक्यता आहे. बॉक्स प्लॉट हे थेट कधीच दाखवत नाही, कारण त्याच्या आत ठिपके नसतात. पण मिशा पेटीच्या निम्म्याहूनही आखूड दिसल्या की मी तरी मूळ गुण मागितल्याशिवाय पुढे जात नाही.

सुटे ठिपके: ८ आणि ३८

आउटलायर म्हणजे काय हे चित्र काढणारं सॉफ्टवेअर एका नियमाने ठरवतं. तो अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जॉन ट्यूकी यांनी १९७० च्या दशकात रूढ केला. पेटीच्या उंचीची दीडपट घ्या. पेटीच्या वरच्या कडेपासून तेवढं वर आणि खालच्या कडेपासून तेवढं खाली जा. या कुंपणाच्या बाहेर जो पडेल तो ठिपका.

अ मध्ये उंची ६, दीडपट ९. खालचं कुंपण २१ वजा ९ म्हणजे १२, वरचं २७ अधिक ९ म्हणजे ३६. ८ आणि ३८ बाहेर पडले. मिश्या मात्र १२ आणि ३६ पर्यंत जात नाहीत. त्या कुंपणाच्या आत असलेल्या शेवटच्या मुलापाशी थांबतात, म्हणून १५ आणि ३३. मिशीचं टोक म्हणजेच कुंपण असं समजून उलटा हिशेब करणारे पुष्कळ भेटतात.

ब मध्ये उंची २०, दीडपट ३०. खालचं कुंपण उणे १७ वर, वरचं ६३ वर. पेपर ४० चा! म्हणजे या तुकडीत कोणालाही काहीही गुण मिळाले तरी ठिपका येणं शक्यच नाही. ४ गुणांचं मूल मिशीच्या टोकाशी गुपचूप उभं आहे आणि अ मधलं ८ गुणांचं मूल मात्र ठिपका होऊन सगळ्यांच्या डोळ्यात भरतं. ३८ गुण दोन्ही तुकड्यांत आहेत, एकीकडे ठिपका, दुसरीकडे मिशी. 'ब मध्ये आउटलायर नाहीत, म्हणजे तुकडी एकसारखी' हे वाक्य मी ऐकलं आहे, आणि ते नेमकं उलटं आहे. ठिपका सांगतो तो आपल्या तुकडीपासून किती दूर आहे. मूल किती अडचणीत आहे हे तो सांगत नाही.

ठिपका दिसला की पहिलं काम उत्तरपत्रिका काढणं. १८ लिहिताना एकचा आकडा राहून ८ झाला का? शेवटच्या पुरवणीचे गुण बेरजेत धरले का? मूल गैरहजर असताना ० भरला का? एक्सेलची MEDIAN सारखी सूत्रं कोरा रकाना किंवा 'गैरहजर' असा शब्द सोडून देतात, पण ० हा गुण म्हणून मोजतात. अ सारख्या दाट तुकडीत असा ० लगेच ठिपका म्हणून पकडला जातो. ब मध्ये तो मिशीला खाली ओढतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गुण बरोबर निघाले तर ठिपका ठेवायचा. चित्र बरं दिसावं म्हणून मूल वगळायचं नाही. आणखी एक गोष्ट: दोन मुलांना नेमके ८ मिळाले असतील तर ठिपके एकावर एक बसतात आणि चित्रात एकच दिसतो.

मूळ गुण उघडून पडताळा

आता फाइल आली असं धरू. अ चे गुण चढत्या क्रमाने: ८, १५, १८, १९, २०, २१, २१, २२, २३, २३, २४, २४, २५, २५, २६, २६, २७, २७, २८, २९, ३१, ३३, ३८.

ब चे: ४, ७, ९, १०, १२, १३, १४, १४, १५, १६, १८, २६, २९, ३०, ३१, ३२, ३३, ३३, ३४, ३५, ३६, ३७, ३८.

सहावा, बारावा, अठरावा मोजून पाहा. अ मध्ये २१, २४, २७. ब मध्ये १३, २६, ३३. पिक्सेलवरून काढलेलं सगळं जुळतं. ब मध्ये १४ च्या खाली बरोबर सहा मुलं आहेत. आणि ज्या फुटीचा संशय होता ती समोर आहे: अकरा मुलं ४ ते १८ मध्ये, अकरा मुलं २९ ते ३८ मध्ये, आणि मध्ये २६ वर एकटं एक मूल. त्या एका मुलाच्या गुणांना आपण तुकडीचा मध्यक म्हणत होतो. ३८ वालं मूल त्या दिवशी आजारी असतं, तर २२ मुलांत मध्यक झाला असता १८ आणि २६ यांच्या मधला, म्हणजे २२. एका गैरहजेरीने ब तुकडी 'दोन गुणांनी पुढे' ची 'दोन गुणांनी मागे' झाली असती. अ मधला ३८ वाला नसता तर मध्यक २४ च राहिला असता.

एक्सेलमध्ये पडताळायचं असेल, आणि गुण B2 ते B24 मध्ये असतील, तर:

```
=QUARTILE.EXC(B2:B24,1)
=MEDIAN(B2:B24)
=QUARTILE.EXC(B2:B24,3)
```

ब साठी पहिल्याचं उत्तर १३ येतं. त्याजागी `QUARTILE.INC` लिहिलं तर १३.५ येतं. दोन्ही बरोबर आहेत. चतुर्थक, म्हणजे पेटीच्या या कडा, मोजण्याच्या एकाहून जास्त पद्धती रूढ आहेत आणि एक्सेलचा बॉक्स प्लॉट आपणहून पहिली वापरतो. पायथनच्या matplotlib मध्ये काढलेलं चित्र १३.५ दाखवेल, आणि त्यात सांगितल्याशिवाय सरासरीचं चिन्ह नसेल. लहान तुकडीत पेटीची कड अशी अर्ध्या-एक गुणाने हलू शकते, म्हणून एक तुकडी एका सॉफ्टवेअरमध्ये आणि दुसरी दुसऱ्यात काढलेली असेल तर तेवढ्याशा फरकावर वाद घालू नये. मात्र कुंपणाच्या अगदी काठावरचं मूल एका पद्धतीत ठिपका आणि दुसरीत मिशी ठरू शकतं, हे ध्यानात असू द्या.

फाइल हाती असेल तर एक्सेलच्या त्याच चित्रात पेटीवर उजवं बटण दाबून मालिकेच्या मांडणीत जा आणि `Show inner points` वर खूण करा. सगळी मुलं ठिपक्यांनी दिसू लागतात आणि ब मधली मोकळी पोकळी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. फाइल मिळाली नाही, तर गटावर मी असं लिहीन: 'अ तुकडी २४ च्या आसपास एकवटलेली आहे, ८ गुणांची एक उत्तरपत्रिका पुन्हा पाहायची. ब मध्ये निदान सहा मुलं १४ च्या खाली आहेत आणि तुकडी दोन गटांत विभागलेली वाटते. मध्यकातल्या दोन गुणांवरून कोण पुढे हे सांगता येत नाही. ब चे सगळे गुण पाठवा.' आणि सोबत एवढं विचारीन, की दोन्ही तुकड्यांचे पेपर एकाच शिक्षकाने तपासले होते का.